नाही म्हटलेल्या कामांची वही

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या गावच्या खालच्या पाटातल्या, म्हणजे खालच्या वस्तीतल्या, एका काकूंचा फोन आला. पोफळीच्या वाडीत त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्यात, त्यातल्या समुद्राकडच्या खोलीतला एसी बंद पडला होता आणि पुण्याची माणसं संध्याकाळी पोचणार होती. "तू जरा येऊन बघ ना रे, तुला वायरी कळतात." मी दुकानात एक हॉर्सपॉवरची जळकी मोटर भरत, म्हणजे तिच्यात नवी तार गुंडाळत बसलो होतो. घामाने ओल्या झालेल्या बोटांना तांब्याची तार चिकटत होती आणि भट्टीतून वार्निशचा वास येत होता. मी म्हटलं, "काकू, एसी माझं काम नाही. मी मोटरवाला." त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. रागावल्या असत्या तर मी विसरूनही गेलो असतो.

तीन दिवसांनी चिपळूणहून एक मुलगा आला, कॉम्प्रेसर गेला म्हणाला, बाहेरचं अख्खं युनिट बदललं. जुनं युनिट आमच्या शेजारच्या भंगारवाल्याकडे आलं. जळक्या तारा मी त्यालाच विकतो, त्यामुळे त्याच्या ढिगात हात घालायची मला मुभा आहे. पावसाच्या तोंडावर एका रिकाम्या दुपारी मी त्या कॉम्प्रेसरची टोपी उघडली. आत तीन टर्मिनल, यू, व्ही, डब्ल्यू. सवयीने मीटर लावलं. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू, तिन्ही जोड्यांत आकडा अगदी सारखा, दीड ओहमच्या आसपास. वीज बॉडीत गळते का ते बघायला मेगर लावला तर काटा थेट अनंतावर. म्हणजे वाइंडिंग ठणठणीत. आतला यांत्रिक भाग अडकला असेल तर ते मीटरला कळत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर चांगला होता अशी शपथ मी घेणार नाही. पण मग बाजूच्या पेटीतलं कार्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी, काढलं, तर त्यावर एक पाल चपटी होऊन करपली होती आणि तिच्या खालचा काळा पॉवर मोड्यूल फुटला होता.

म्हणजे फोनवर 'माझं काम नाही' म्हटलं, ते निम्मं तरी माझंच काम होतं.

हे मला माहीत का नव्हतं, याचा विचार करताना उस्तादांची आठवण आली. मी चिपळूणला त्यांच्याकडे चार वर्षं होतो. पहिले सहा महिने नुसत्या जळक्या तारा तोडून स्लॉट साफ करायचे. मग पेपर कापायचा, मग फॉर्म्यावर तार गुंडाळायची, आणि फेरे मोजताना कुणी हाक मारली तरी मान वर करायची नाही. कॉइल स्लॉटमध्ये बसवणं फार नंतर आलं. ते सांगत, थ्री फेज मोटर बोलत नाही पण खोटंही बोलत नाही, तिन्ही फेज सारखे दिसले नाहीत की तिथेच दुखतंय समज. त्या धंद्यावर माझं घर उभं राहिलं. वाडीला पाणी देणारे विहिरीवरचे पंप, मसाल्याच्या गिरण्या आणि छताचे पंखे. पंखे तर इतके यायचे की एप्रिलमध्ये दुकानाबाहेर पात्यांचा ढीग लागायचा.

तो ढीग कमी कमी होत गेला. बाजारात बीएलडीसी पंखे आले. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खायचा, हा तिसाच्या आत भागवतो. आणि या पंख्यात वाइंडिंग सहसा जळतच नाही, जातं ते आतलं कार्ड. लोक पंखा घेऊन यायचे, "भरून दे" म्हणायचे. मी उघडून बघायचो, तर भरायला काही नसायचं. "हे माझं नाही" म्हणून परत द्यायचो. हे वाक्य मी किती वेळा बोलतो हे तेव्हा मोजलं नव्हतं. वय त्रेचाळीस, मुलगी दहावीत, आणि काहीतरी नवीन शिकायला हवं हे तोपर्यंत घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं. प्रश्न एवढाच होता की काय.

सल्ल्याला तोटा नव्हता. भाचा म्हणाला, मोबाइल रिपेअर. मेव्हणा म्हणाला, सोलर, आता सगळं सोलरच. त्याचं बोलणं हवेतलं नव्हतं. 2024 च्या फेब्रुवारीत छतावरच्या सोलरची केंद्राची योजना आली, तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, आणि गावात जो तो छताकडे बघू लागला. मी एका ओळखीच्या माणसाबरोबर दोन दिवस जाऊन आलो. अनुदानाचं काम नोंदणी केलेल्या विक्रेत्यामार्फतच होतं, म्हणजे मी त्याचा हाताखालचा माणूस होणार. आणि दिवसभराचं खरं काम म्हणजे लोखंडी सांगाडा वर चढवणं, भोकं पाडणं, उन्हात पॅनेल आवळणं. वायरिंगचं काम जेमतेम शेवटचे दोन तास. आमच्याकडे निम्मी घरं कौलारू, त्यांच्या उतरत्या छपरावर तर आणखी कसरत. माझा उजवा गुडघा दुसऱ्याच दिवशी बोलायला लागला. मागणी होती, पण ती खांद्याची आणि गुडघ्याची होती. माझ्या बोटांना तिथे कुणी विचारत नव्हतं.

मग मी एक वही केली. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं. ज्या कामाला मी 'नाही' म्हणेन ते त्यात लिहायचं. कोण आलं, कोणती वस्तू, काय झालंय म्हणतात. पुढे दोन रकाने मोकळे ठेवायचे आणि पंधरा दिवसांनी त्या माणसाला फोन करून किंवा बाजारात गाठून ते भरायचे, शेवटी कुणी केलं आणि किती दिवस लागले. हे विचारताना सुरुवातीला लाज वाटायची. आपण नाही म्हटलेलं काम दुसऱ्याने केलं का, हे विचारणारा माणूस जरा संशयास्पदच वाटतो. पण लोकांना आपल्या बंद पडलेल्या वस्तूची कथा सांगायला आवडतं. एकाने तर वॉशिंग मशीनची गोष्ट चहा पाजून सांगितली.

वर्षभर लिहिलं. वर्षभर अशासाठी की आमच्याकडे मे महिना एकटा बघितला तर माणूस हमखास फसतो. मे मध्ये प्रत्येकाला एसी हवा असतो आणि जूनच्या दहा तारखेनंतर त्याच एसीवर चादर पडते. एप्रिल-मे बघून एसीचं दुकान टाकलं असतं तर पावसात माश्या मारल्या असत्या. पावसात वेगळंच चालतं. वीज कडाडते, लाइट जाते, परत येताना व्होल्टेज उसळतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इन्व्हर्टर, टीव्ही, बोअरच्या पंपाचं पॅनेल असं काहीतरी काखेत घेऊन माणसं दारात.

वर्षाअखेर 118 नोंदी झाल्या. मी त्या वस्तूप्रमाणे मांडल्या. एसी 34, पंखे 22, मग वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, पंपाचे पॅनेल आणि असं काही ना काही. एसी सगळ्यात वर, म्हणजे एसी शिकावं. तो कागद आठवडाभर खिशात घेऊन फिरलो. पण मनाला पटेना, कारण त्या 34 पैकी बहुतेक नोंदी दोन महिन्यांतल्या होत्या, आणि त्यातले निम्म्याहून जास्त एसी गॅस गळल्याने किंवा जाळी कुजल्याने बंद होते. समुद्राजवळच्या युनिटची जाळी काय होते ते इथल्या कुणालाही सांगायला नको. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पात्या, वर खारा वारा, दोन धातू आणि मीठ एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजत जातं. तीन-चार पावसाळ्यांत बोट लावलं की पांढरी भुकटी पडते. ते दुरुस्त करण्याचं काम नव्हे, बदलण्याचं.

एका रात्री लाइट गेली होती. मेणबत्तीच्या उजेडात तीच वही काढली आणि वस्तू सोडून, नेमकं काय गेलं होतं त्याप्रमाणे लाल पेनाने खुणा केल्या. गॅस, जाळी, यांत्रिक, वायर, कार्ड. मोजायला लागलो तर कार्डाच्या 71 खुणा. एसीच्या पंधरा, पंख्यांच्या जवळजवळ सगळ्या, मशीनच्या, इन्व्हर्टरच्या, पॅनेलच्या. आणि त्या बाराही महिन्यांत पसरलेल्या होत्या. उन्हाळ्यात एसीचं कार्ड, पावसात विजेने उडालेलं, थंडीत पंख्याचं. शेवटच्या रकान्यातही त्याच ओळी जड होत्या. कार्ड पुण्याला किंवा मुंबईला पाठवलं, आठ दिवस, बारा दिवस. कुठे नवीन कार्ड मागवलं, कुठे परवडलं नाही, पंखा फेकला.

इतके दिवस मी वस्तूंची नावं वाचत होतो.

अर्थात वहीला एक भोक होतं आणि ते मला भाच्याने दाखवलं. "मामा, तुझ्याकडे मोबाइलच्या दोनच नोंदी आहेत, कारण मोबाइल घेऊन तुझ्याकडे येतंय कोण?" बरोबर होतं. जे लोक मला मोटरवाला म्हणून ओळखतात तेच वहीत येणार. मग एका शनिवारी शृंगारतळीला गेलो आणि बाजारातून चालताना मोबाइल दुरुस्तीच्या पाट्या मोजल्या. पाच झाल्यावर मोजणं सोडलं. कार्ड दुरुस्तीची एकही पाटी नव्हती. चार एसीवाल्या मुलांना विचारलं, कार्ड गेलं तर काय करता? एक म्हणाला, बदलतो. दुसरा हसून म्हणाला, "काका, खरं सांगू? कार्ड की कॉम्प्रेसर ते कळलं नाही की मोठ्या वस्तूचं नाव घेतो." मला ती करपलेली पाल आठवली. मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी तीन टर्मिनल मोजायला शिकवलंच नव्हतं.

आता दुसरी बाजू, माझ्याकडे काय होतं. मी आधी समजत होतो की मला मोटरी भरता येतात, एवढंच. पण इन्व्हर्टर एसीच्या कार्डाचं पोट उघडून बघितलं तर त्यात ओळखीची माणसं भेटत गेली. घरातली 230 व्होल्टची एसी वीज आधी सरळ करून साधारण 310 व्होल्ट डीसी करतात, ती मोठ्या कंडेन्सरमध्ये साठवतात, आणि मग पॉवर मोड्यूलमधले सहा स्विच ती तुकड्या-तुकड्यांनी कापून कॉम्प्रेसरला थ्री फेज देतात. (आम्ही मोटरवाले ज्याला कंडेन्सर म्हणतो तो एसीवाल्यांचा कंडेन्सर नव्हे. ते बाहेरच्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. पहिल्या आठवड्यात यावरून माझी आणि त्या मुलांची चांगली जुंपली होती.) म्हणजे पंखा असो, एसी असो, टोकाला थ्री फेज मोटरच. मोड्यूल तपासायचा तोही तसाच. मीटर डायोडवर ठेवायचं, प्लस आणि मायनसपासून यू, व्ही, डब्ल्यूकडे अशी सहा वाचनं घ्यायची. सहाही पाऊण व्होल्टच्या आतली आणि एकमेकांसारखी हवीत. एखादं शून्य आलं की तो पाय मेला. उस्ताद आयुष्यात अशा कार्डाजवळ गेले नाहीत, पण त्यांचं वाक्य इथे जसंच्या तसं लागू पडत होतं.

जे नव्हतं तेही वहीच्याच मागे लिहिलं. बारीक सोल्डरिंग येत नव्हतं. तांदळाच्या कणीएवढे भाग, आणि माझी बोटं पाच हॉर्सपॉवरच्या मोटरीची. सर्किटचा नकाशा वाचता येत नव्हता. आणि गॅसचं काम, म्हणजे तांब्याच्या नळ्या तापवून जोडायचं ब्रेझिंग, नायट्रोजनने दाब धरून बघणं, व्हॅक्यूम ओढणं, शिडीवर चढून भिंतीला युनिट टांगणं, हे तर अजिबात नाही. पहिल्या दोन गोष्टी बाकावर बसून शिकता येतील अशा होत्या. तिसरीसाठी पंप, सिलिंडर, गाडी आणि एक तरणा जोडीदार लागतो. मी तिसरी खोडली. शिकायची लाज म्हणून नव्हे. ती येणारी मुलं चिपळुणात भरपूर आहेत, आणि ती माझी गिऱ्हाइकं होऊ शकतील असं मला तोवर दिसायला लागलं होतं.

शिकायच्या वर्गाचे पैसे भरायच्या आधी मी एक महिना भंगारातली कार्डं किलोवर घेतली. हे मला वाटतं मी शहाणपणाने केलेलं एकच काम. काढायची, लावायची, बिघडवायची. अडतीस कार्डांचा सत्यानाश केला. बारीक भाग काढताना तांब्याची पट्टीच उचलून यायची. पण रात्री अकरा वाजले तरी उठावंसं वाटत नव्हतं, आणि सोलरच्या दोन दिवसांत तर मी दर तासाला घड्याळ बघत होतो. हा फरक कुठल्या रकान्यात लिहायचा ते कळलं नाही, म्हणून लिहिला नाही. मग जुलैमध्ये, जेव्हा विहिरी भरतात, पंप झोपतात आणि माझं दुकानही झोपतं, तेव्हा पुण्याला पंधरा दिवसांच्या वर्गाला गेलो. वर्गात सगळी विशीतली पोरं. मला 'काका' म्हणायची आणि बसायला पंख्याखालची जागा द्यायची.

तिथे माझी दोनदा फजिती झाली. एकदा मोड्यूल फुटलेलं कार्ड मिळालं. मी नवीन मोड्यूल लावला, थेट वीज दिली, आणि फटाका वाजला तसा तोही गेला. मोड्यूल मेला होता, पण त्याच्या स्विचना चालू-बंदचा इशारा देणारा भागही मेला होता, आणि तो मी तपासलाच नव्हता. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "मोटर भरून झाल्यावर थेट लाइनला लावता का?" मी म्हटलं, नाही, सिरीज बल्ब लावतो. "मग इथे काय झालं?" खाली मान घालून बसलो. शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावणं ही उस्तादांकडची पहिल्या महिन्यातली गोष्ट. कार्डालाही तेच. चांगल्या कार्डावर बल्ब क्षणभर उजळतो, कारण कंडेन्सर भरत असतो, आणि मग मंद होतो. उजळलेला तसाच राहिला की आत शॉर्ट आहे, बंद करा. इतकी साधी गोष्ट, पण कार्ड म्हणजे काहीतरी 'वेगळं' असं डोक्यात बसल्यामुळे मी ती दाराबाहेर ठेवून आत आलो होतो.

दुसरी फजिती उलट होती, जुनं ज्ञान नको तिथे आणल्याची. खाऱ्या हवेपासून वाचवायला कार्डावर थर देतात, आणि दुरुस्तीसाठी खरवडलेला थर परत द्यावा लागतो. मी गावाहून आणलेला मोटरचा वार्निश काढला. सर ओरडले. तो वार्निश भट्टीत तापवल्याशिवाय धड वाळत नाही, आणि कार्डावरच्या कंडेन्सरवर लिहिलेलं असतं 105 अंश. भट्टीत घालाल तर कंडेन्सर फुगतील, नाही घालाल तर थर चिकट राहील आणि मीठ-धूळ ओढून घेईल. त्यासाठी वेगळा स्प्रे असतो. आणि त्या मोठ्या कंडेन्सरबद्दल एकच ताकीद त्यांनी रोज दिली. प्लग काढला तरी आत 310 व्होल्ट बसलेले असू शकतात. आधी बल्ब लावून ते उतरवायचे, मीटरवर शून्य बघायचं, मगच बोट. मोटरीत ही सवय लागत नाही, मोटर बंद म्हणजे बंद.

परत आल्यावर पाटी बदलली नाही. चिपळूणच्या आणि शृंगारतळीच्या मुलांना फक्त निरोप दिला की कार्ड गेलं वाटलं तर फेकू नका, एसटीच्या कंडक्टरकडे द्या. पहिल्या महिन्यात चार आली, दोन झाली. आता आठवड्याला सात-आठ येतात आणि दहातली सहा-सात होतात. बाकीच्यांत मेंदूची चिप गेलेली असते. तिच्यातला प्रोग्राम कंपनीचा, तो बाहेर मिळत नाही, तिथे हात टेकायचे आणि पैसे घ्यायचे नाहीत. मोटरीही भरतोच, पंपांनी काही वाडी सोडलेली नाही. कार्डाचे पैसे मोटरीएवढेच मिळतात, पण हातांना फोड येत नाहीत. कधीकधी दिवसभर एकही तार गुंडाळली नाही हे लक्षात आलं की मात्र आत काहीतरी हलतं. उस्ताद आता नाहीत, त्यामुळे ते काय म्हणाले असते ते मी दोन्ही बाजूंनी कल्पून बघतो.

या मे मध्ये काकूंचा परत फोन आला. खोली तीच, एसी दोन वर्षांपूर्वी बसवलेला. मी सिरीज बल्बचा बोर्ड पिशवीत घालून सायकलने गेलो. वाडीतून पाट वाहत होता, सुरूच्या बनातून समुद्राचा आवाज येत होता. टर्मिनल मोजली, तिन्ही सारखी. पेटी उघडली. पाल नव्हती, मुंग्या होत्या, आणि वीज उसळल्यावर आधी मरण्यासाठीच बसवलेला वॅरिस्टर फ्यूजसकट उडाला होता. दोन्ही माझ्या डबीत होते. लावले, बल्बवर घेतलं. उजळला, मंद झाला. वायर जाते ती भोकं जाळीने बुजवली. अर्धा तास गेला असेल.

काकू कोकम सरबताचा पेला घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढंच? मग गेल्या खेपेला पण एवढंच होतं का रे?"

मी झाकणाचे चारही स्क्रू आवळेपर्यंत बोललो नाही. मग पाल, मोड्यूल, कॉम्प्रेसर, सगळं सांगितलं. भंगारात मी बघितलं होतं हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "बरं."